रात्रीची गोळी, झोपेची नव्हे

मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे लिहिलेले असतात: ०-०-१. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री एक. ओलान्झापिन नावाच्या गोळीपुढे तर बहुधा असेच असते. कित्येक रात्री डोळ्याला डोळा न लागलेला माणूस ती घेतो आणि पहिल्याच रात्री गाढ झोपतो. घरचेही त्या रात्री जरा झोपतात. चार दिवसांत त्या गोळीचे घरातले नाव ठरून जाते: झोपेची गोळी. आई मुलाला हाक मारते, ‘अरे, झोपेची गोळी घेतलीस का?’ पुढे हेच नाव घोटाळा करते. झोपेची गोळी म्हटली की ती झोप लागू लागली की बंद करायची, सवय लागेल म्हणून मधूनमधून टाळायची, आणि शेजारच्या काकूंना झोप येत नसेल तर त्यांनाही अर्धी द्यायची, असे ओघानेच येते.

ओलान्झापिन हे मुळात स्किझोफ्रेनियाचे आणि बायपोलर आजारातल्या उन्मादाचे औषध. अमेरिकेतल्या एलाय लिली या कंपनीने ते बनवले आणि तिथे १९९६ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आज भारतात ते अनेक कंपन्या बनवतात आणि ते तुलनेने स्वस्त आहे. कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे अशी पक्की खात्री होणे, दोन-दोन रात्री न झोपता मोठमोठे बेत आखत राहणे, ही लक्षणे कमी करणे हे त्याचे काम. नैराश्यावरच्या औषधांना जोड म्हणूनही ते कधी कधी दिले जाते. मुख्य काम होते ते मेंदूतल्या डोपामिनच्या आणि सेरोटोनिनच्या ग्राहकांवर. ग्राहक म्हणजे पेशीवरची अशी जागा, जिथे एखादे रसायन येऊन बसते आणि पेशीला निरोप देते. ओलान्झापिन त्या जागा अडवून धरते.

पण हे औषध एकाच जातीच्या जागेवर बसून थांबत नाही. हिस्टामिनच्या ग्राहकांवर ते फार घट्ट बसते. हिस्टामिन म्हटले की आपल्याला शिंका आणि अंगावरचे पित्त आठवते. मेंदूत मात्र हेच रसायन आपल्याला जागे ठेवते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी डोळे मिटू लागतात ते याच कारणाने. ओलान्झापिनने येणारी झोपही बरीचशी त्याच वाटेने येते. म्हणून ती पहिल्या रात्रीपासून येते आणि कमी मात्रेतही येते. आवाज आणि संशय कमी व्हायला मात्र आठवडे लागतात. पहिल्या रात्रीची झोप पाहून औषध लागू पडले असे म्हणणे घाईचे आहे आणि आठ दिवसांनी ‘झोप लागते, पण संशय तसाच आहे’ म्हणून औषध निकामी ठरवणे हीसुद्धा घाईच.

मग रात्रीच का देतात? गुंगीचा भर माणूस अंथरुणात असताना निघून जावा म्हणून. शिवाय या औषधाने उभे राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. तेही माणूस पडून असताना झालेले बरे. सकाळी घेतली तरी गोळी आजारावर तेवढेच काम करेल.

एक उदाहरण घेऊ. नाव-गाव सांगण्यासारखा कोणी खरा माणूस नाही, पण दवाखान्यात वरचेवर दिसणारा नमुना आहे. तेवीस वर्षांचा मुलगा, एमआयडीसीत लेथवर काम करणारा. शेजाऱ्यांनी आपल्या खोलीत कॅमेरा बसवलाय असे त्याला तीन महिने वाटत होते. निदान झाले, ओलान्झापिन सुरू झाले, पाच मिलिग्रॅमवरून दहावर नेले. मुलगा रात्री अकराला गोळी घेतो आणि सकाळी दहापर्यंत उठत नाही. पहिली पाळी आठची. उठवले तर भिंत धरून चालतो, चहाच्या कपावर डुलक्या घेतो. आई म्हणते, ‘पोरगं बरं झालं, पण नुसतं लोळतंय.’ तिला वाटते, झोपेची गोळी जास्त झाली, अर्धी करावी.

इथे घड्याळ पाहायला हवे. पोटात गेल्यापासून या औषधाचे रक्तातले प्रमाण सर्वांत वर पोहोचायला सुमारे सहा तास लागतात. अकराची गोळी पहाटे पाचला शिखरावर असते आणि साडेसहाला आई पोराला हलवत असते. हीच गोळी रात्री आठला घेतली तर शिखर दोनला येते, सकाळची पाळी बरीच सुसह्य होते. मात्रा तीच, फक्त वेळ तीन तास अलीकडे. डॉक्टरांना विचारून केलेला एवढा बदल पुष्कळ वेळा पुरतो. जेवणाआधी की नंतर, याने या औषधात फरक पडत नाही, त्यामुळे आठ वाजता घेणे जेवणासाठी अडत नाही.

दुसरी गोष्ट औषध अंगातून जाण्याची. झोपेसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेमचे रक्तातले प्रमाण दोन-तीन तासांत निम्मे होते. सकाळपर्यंत ते जवळजवळ संपते. ओलान्झापिनला निम्मे व्हायला सरासरी तीस तास लागतात, काहींना पन्नासच्या वर. म्हणजे दुसऱ्या रात्री गोळी घेताना आदल्या दिवशीच्या दहा मिलिग्रॅमपैकी साडेपाचाहून अधिक अजून अंगात असते. तिसऱ्या रात्री शिल्लक नऊच्या आसपास, चौथ्या रात्री अकरा. ही शिल्लक वाढत वाढत आठवडाभरात एका पातळीवर स्थिरावते. एका गोळीने मिळाली असती त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे हे औषध फक्त रात्रीपुरते अंगात नसते. दुपारी तीन वाजताही ते काम करत असते, आणि करायलाच हवे, कारण संशय काही फक्त रात्री येत नाही. झोपेच्या गोळीकडून आपण मागतो ते याच्या नेमके उलट: रात्री काम कर आणि सकाळी निघून जा.

त्या मुलाची गुंगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळ उतरली. असे बऱ्याच जणांचे होते. मेंदू हिस्टामिनच्या अडवणुकीशी जुळवून घेतो. आता घरच्यांना वाटू लागते की गोळीचा जोर कमी झाला. आजारावरचा परिणाम मात्र याच काळात आकार घेत असतो. मुलगा खोलीतले स्विचबोर्ड उघडून पाहणे सोडतो, शेजाऱ्यांशी बोलतो. झोप आणि आजार हे दोन हिशेब इथे वेगळे होतात, आणि घरात मोजला जातो तो फक्त झोपेचा.

तिसरा हिशेब भुकेचा. तो सर्वांत उशिरा लक्षात येतो, कारण सुरुवातीला आईला आनंदच होतो: महिनोन्‌महिने ताटावरून उठून जाणारा पोरगा चार भाकऱ्या खातोय. मग रात्री साडेअकराला फ्रिज उघडल्याचा आवाज येतो. बिस्किटांचा पुडा एका बैठकीत संपतो. असे रुग्ण सांगतात की पोट भरल्याची खूणच पटत नाही. जेवून उठलो तरी जेवल्यासारखे वाटत नाही. याला घरात खादाडपणा म्हणतात, आळस म्हणतात. ते अन्यायाचे आहे. ज्या हिस्टामिनच्या ग्राहकांनी झोप आणली, तेच मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात भूक आवरण्याचे काम करतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने उंदरांवर हे दाखवले: या जातीच्या औषधांनी तिथले भुकेचे एक विकर चेतवले गेले, आणि ज्या उंदरांत हिस्टामिनचा तो ग्राहकच नव्हता त्यांच्यात तसे झाले नाही. सेरोटोनिनच्या एका ग्राहकाचाही यात हात आहे. गंमत अशी की गुंगीशी शरीर जुळवून घेते, भुकेशी तेवढे घेत नाही. झोप ओसरते आणि वजन चढतच राहते.

आमच्या मुलाचे आकडे पाहू. उंची १६८ सेंटिमीटर, गोळी सुरू झाली तेव्हा वजन ६१ किलो, कंबर ७८ सेंटिमीटर. महिन्याने वजन साडेचौसष्ट. तीन महिन्यांनी ६८ आणि कंबर ८७. डोळ्यांना तो लठ्ठ दिसत नाही. उलट ‘अंगाने भरला’ असे पाहुणे म्हणतात. पण भारतीयांच्या बांध्यात पोटावरची चरबी लवकर त्रास देते, म्हणून आपल्याकडे वजन-उंचीच्या निर्देशांकाची मर्यादा २३ धरतात. त्याचा २४ झाला. पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. तो तिच्या उंबरठ्यावर आला.

सगळ्यांचेच असे होत नाही, पण पुष्कळांचे होते. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालेल्या केटी नावाच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले, ओलान्झापिन घेणाऱ्या दर दहा जणांपैकी तिघांचे वजन सात टक्क्यांहून जास्त वाढले. तुलनेतल्या इतर औषधांपेक्षा हे प्रमाण बरेच अधिक होते. त्याच अभ्यासात, औषध मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाणही ओलान्झापिनवर सर्वांत कमी होते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. औषध आजारावर चांगले चालते म्हणूनच डॉक्टर ते सोडायला तयार नसतात, आणि वजन वाढवते म्हणूनच रुग्ण ते घ्यायला तयार नसतो.

पहिल्या महिन्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. ज्याचे वजन त्या महिन्यात पाच टक्क्यांहून अधिक वाढते, त्याचे पुढेही बरेच वाढण्याचा संभव असतो. ६१ किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे तीन किलो. आपल्या मुलाने ती रेघ पहिल्याच महिन्यात ओलांडली होती, पण कोणी वजनच केले नव्हते. अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ संघटनांनी २००४ मध्ये मिळून एक वेळापत्रक ठरवले. त्याचा गाभा सोपा आहे: गोळी सुरू होण्यापूर्वी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीचे प्रमाण पाहून लिहून ठेवायचे, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा करायचे, साखर आणि चरबी बाराव्या आठवड्यात पुन्हा पाहायची आणि पुढेही ठरावीक काळाने. साखर वेगळी पाहावी लागते याचे कारण असे की ओलान्झापिन वजनाची वाट न पाहताही इन्सुलिनचे काम बिघडवू शकते. निरोगी स्वयंसेवकांत हे काही दिवसांतच दिसले आहे. वारंवार लघवीला जाणे आणि न भागणारी तहान ही लक्षणे वजन वाढलेले नसले तरी डॉक्टरांना सांगायची.

वाढलेले वजन उतरवण्यापेक्षा वाढू न देणे सोपे. चालणे आणि गोड कमी करणे उपयोगी आहेच, पण रात्रीच्या भुकेपुढे एकट्या निश्चयाचे काही चालत नाही. घरात बिस्किटांऐवजी फुटाणे, काकडी, ताक ठेवणे आणि थंड पेयाची बाटली मुळातच न आणणे अधिक कामाचे. डॉक्टर पुष्कळदा मेटफॉर्मिन जोडतात. हे मधुमेहाचे जुने औषध. त्याने सरासरी तीनएक किलोंचा फरक पडतो आणि ते लवकर सुरू केले तर अधिक चांगले. मधुमेह नसताना मधुमेहाची गोळी का दिली, म्हणून पुष्कळ घरांत ती गुपचूप बंद होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. तिसरी वाट औषध बदलण्याची. अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या औषधांनी वजन कमी वाढते, पण प्रत्येकाचा आजार त्यांना तसाच दाद देईल असे नाही. हा बदल हळूहळू, एक वाढवत आणि दुसरे कमी करत केला जातो.

मुलाच्या घरी मात्र दुसरेच झाले. सहाव्या महिन्यात तो म्हणाला, ‘आता झोप लागते, मग गोळी कशाला?’ बंद केली. पहिल्या दोन रात्री झोप उडाली, मळमळले. घरच्यांनी अर्थ लावला: सवय लागली होती, बरे झाले सोडली. खरे तर अचानक बंद केल्यावर हिस्टामिन मोकळे झाल्याचा तो धक्का होता. नशेच्या गोळ्यांसारखी ओढ या औषधाची लागत नाही. आठवड्याभरात झोप परत आली आणि सगळे निर्धास्त झाले. औषध अंगातून गेल्यावर आजार लगेच उसळत नाही. कधी आठवडे जातात, कधी महिने. दहाव्या आठवड्यात मुलगा पुन्हा रात्री दोन-दोनपर्यंत जागू लागला आणि मग स्विचबोर्ड उघडला. झोप उडणे हे इथे आजार परतत असल्याचे पहिले चिन्ह होते. घराने ते झोपेचीच तक्रार म्हणून घेतले आणि पंधरा दिवस गेले.

याच मुलाने सिगारेट सोडली असती तर काय झाले असते, हेही सांगण्यासारखे आहे. यकृतातले जे विकर ओलान्झापिन मोडते ते तंबाखूच्या धुराने जोरात काम करू लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून औषध लवकर जाते. धूम्रपान थांबले, मग ते निश्चयाने असो की इस्पितळात भरती झाल्यामुळे, तर काही दिवसांत तीच मात्रा जड पडू लागते आणि गुंगी पुन्हा येते. हे धुरातल्या घटकांमुळे होते, निकोटिनमुळे नव्हे. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाला हा हिशेब लागू नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविकही तेच विकर मंद करते. लघवीच्या संसर्गासाठी ते चालू झाले आणि माणूस दिवसा पेंगू लागला, तर दोष त्या संसर्गाचा नसेलही.

आता ज्या ठिकाणी हाच दुष्परिणाम हवासा असतो तिकडे वळू. केमोथेरपीने होणारी उलटी-मळमळ थांबवायला ओलान्झापिन चांगले चालते. यासाठी दहा मिलिग्रॅमची मात्रा चार दिवस देण्याचा प्रघात पडला, पण रुग्ण दिवसभर झोपून राहत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी अडीच मिलिग्रॅम आणि दहा मिलिग्रॅम यांची थेट तुलना केली, आणि २०२४ मध्ये ती लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आली: उलटी थांबवण्यात अडीच कमी पडली नाही, दिवसाची झोप मात्र बरीच कमी झाली. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तर कर्करोगाने भूक गेलेल्या रुग्णांना रोज अडीच मिलिग्रॅम बारा आठवडे देऊन पाहिले. त्यांची भूक सुधारली आणि वजन वाढले. लेथवरच्या मुलाला नको असलेले तेच तिथे उपचाराचे फळ होते.

केमोसाठी दहा गोळ्यांची पट्टी घेतली तर चार रात्रींनी सहा उरतात. त्या कपाटात जातात. घरातल्या आजोबांना झोप येत नसते, आणि ‘ही गोळी घेतल्यावर कशी शांत झोप लागली’ हे सगळ्यांनी पाहिलेले असते. वयस्करांच्या अंगातून औषध आणखी सावकाश जाते. पहाटे तीनला लघवीला उठताना रक्तदाब उतरतो आणि खुब्याचे हाड मोडते. बद्धकोष्ठता वाढते, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते. आजोबांना स्मृतिभ्रंश असेल तर धोका याहून मोठा. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जातीच्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला: स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत, साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के दगावले, तर औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के.

हा इशारा यायच्या आधी तिथे काय चालले होते, तेही नोंदीत आहे. एलाय लिलीचे विक्री प्रतिनिधी वृद्धाश्रमांतल्या डॉक्टरांना एक घोषवाक्य ऐकवत: ‘पाचला पाच’. संध्याकाळी पाच वाजता पाच मिलिग्रॅम द्या, म्हातारी माणसे रात्रभर झोपतील आणि कर्मचाऱ्यांना त्रास होणार नाही. स्मृतिभ्रंशासाठी या औषधाला परवानगीच नव्हती. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि फौजदारी व दिवाणी मिळून १४१ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. गुंगी हा दुष्परिणाम कंपनीला ठाऊक होता. तोच गुण म्हणून विकला गेला.

नुसत्या निद्रानाशासाठी कोणाला ही गोळी चालू असेल, तर ती आज रात्रीपासून फेकून देऊ नये. अचानक बंद करण्याचा धक्का वर सांगितलाच. शिवाय ती झोपेसाठीच दिली आहे हे घरच्यांनी धरलेले असते, डॉक्टरांनी सांगितलेले असतेच असे नाही. मागे निदान बायपोलरचे किंवा न उतरणाऱ्या नैराश्याचे असू शकते. पुढच्या भेटीत सरळ विचारावे: ही गोळी नेमकी कोणत्या आजारासाठी आहे, किती दिवस घ्यायची, आणि माझे सुरुवातीचे वजन व साखर कुठे लिहून ठेवली आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर उभे राहावे आणि तो आकडा फाइलवर तारखेसह लिहून घ्यावा.